महाबळेश्वरात डाळ उशिरा का शिजते आणि कुकरची शिट्टी नेमकं काय करते

सांगलीत उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. तेच पातेलं, तेच पाणी महाबळेश्वरला नेलं तर ते साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळायला लागतं. शाळेच्या पुस्तकातले १०० अंश हे समुद्रसपाटीचे आहेत. सातारा, सांगली, वाई, कराड यांतल्या कुठल्याही गावात उघड्या भांड्यातलं साधं पाणी तिथवर पोचत नाही.

डोंगरावर शिजायला वेळ का लागतो, याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘वर हवा थंड असते ना.’ थंडीमुळे पाण्याला उकळी फुटायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं. पण एकदा उकळी आली की बाहेर धुकं असो नाहीतर ऊन, पातेल्यातल्या डाळीला त्याचा फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेच्या वजनामुळे.

आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे आणि त्या हवेला वजन आहे. समुद्रकिनाऱ्यावर एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, हे वजन सुमारे १.०३ किलो भरतं. सांगली समुद्रसपाटीपासून जवळपास साडेपाचशे मीटर वर आहे. तेवढा खालचा थर वजा झाल्यामुळे तिथे ते सुमारे ०.९७ किलो उरतं. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे ते ०.८८ किलोच्या आसपास असतं. हे तीन आकडे लक्षात असू द्या, कुकरचं सगळं गणित त्यांच्यावरच आहे.

पाणी तापायला लागलं की वरच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होतच असते. उकळणं मात्र वेगळं. उकळताना वाफेचे बुडबुडे पाण्याच्या पोटात तयार होतात आणि वर येतात. बुडबुड्यातली वाफ बाहेर ढकलत असते आणि पाण्यावर बसलेली हवा त्याला दाबत असते. पाणी पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो आणि बुडबुडा जन्मतानाच चेपला जातो. तापमान वाढत जातं तसा वाफेचा जोर वाढतो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की बुडबुडे टिकतात, वर येऊन फुटतात आणि पाण्याला खळखळ उकळी येते. महाबळेश्वरात वरचा दाबच कमी आहे, म्हणून कमी तापलेल्या पाण्यालाही तेवढा जोर पुरतो. आपल्याकडच्या उंचीसाठी ढोबळ हिशोब असा, की दर ३०० मीटर चढलं की उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. वाई सातशे मीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे पसरणी घाट चढायच्या आधीच आपण अडीच अंश गमावलेले असतात. घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठेपर्यंत आणखी दोन अंश जातात.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा, कारण त्यात गॅस फुकट जातो. उकळी आल्यावर आच मोठी केली तर पाणी जास्त गरम होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. उकळी आल्यावर दिलेली सगळी उष्णता या दुसऱ्या कामात खर्च होते. मोठ्या आचेने वाफ जास्त होते, पाणी लवकर आटतं, पण तापमान जिथल्या तिथे राहतं. तेव्हा महाबळेश्वरात उघड्या पातेल्यात डाळ शिजवताना गॅस कितीही मोठा ठेवला तरी तिला मिळणार ते साडेपंच्याण्णव अंशच.

आता हे अडीच-तीन अंश कमी पडल्याने एवढं काय बिघडतं, असा प्रश्न पडेल. शिजणं म्हणजे डाळीच्या दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होणं आणि आतला स्टार्च पाणी पिऊन फुगणं. स्टार्च सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या सुमारास फुगायला लागतो, म्हणून भाताचं डोंगरावर फारसं अडत नाही, थोडा जास्त वेळ दिला की झालं. पेक्टिनचं काम मात्र सावकाश चालतं आणि तापमानावर फार अवलंबून असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा स्वयंपाकापुरता धरायचा ठोकताळा. त्या हिशोबाने सांगलीत उघड्या पातेल्यात ४० मिनिटांत बोटचेपी होणारी तूरडाळ महाबळेश्वरात ४८ मिनिटांच्या आसपास घेईल. हरभरे, छोले, राजमा यांना मुळातच तास-दीड तास लागतो, त्यामुळे तिथे हाच फरक वीस मिनिटांपर्यंत जातो.

कुकरचं वजन

डोंगर चढल्यावर दाब कमी होतो म्हणून तापमान घसरतं. मग दाब वाढवला की ते चढायला हवं. कुकर नेमकं हेच करतो. १६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंद भांड्यात वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करून दाखवली. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप बसवली होती. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची नात.

झाकणाच्या मध्यभागी जी नळी असते, तिला वरून एक बारीक छिद्र असतं आणि त्यावर वजन बसतं. आतल्या वाफेला बाहेर पडायचं तर तिला हे वजन उचलावं लागतं. समजा छिद्राचं तोंड ०.१ चौरस सेंटिमीटर आहे आणि वजन १०० ग्रॅमचं आहे. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला एक किलो असा तो भार झाला. घरगुती कुकर साधारणपणे याच दाबासाठी केलेले असतात, बऱ्याच जणांच्या पुस्तिकेत तो आकडाही दिलेला असतो. आतला दाब त्यापुढे गेला की वजन उचललं जातं, वाफ शिट्टी वाजवत निसटते, दाब जरा उतरतो आणि वजन पुन्हा बसतं. याच कारणाने एका कुकरची शिट्टी दुसऱ्यावर लावू नये. ती नळीवर नीट बसली तरी छिद्राचं तोंड वेगळं असेल तर दाबही वेगळा होईल, आणि तो वाढला तर झाकण, रबर, सेफ्टी व्हॉल्व्ह या सगळ्यांवर नको तेवढा ताण येईल.

पण वजन उचलायला वाफेला फक्त वजनाशी झगडावं लागत नाही. वजनाच्या डोक्यावर बाहेरची हवाही बसलेली असते. म्हणून कुकरच्या आतला दाब म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब अधिक वजनाचा एक किलो. सांगलीत ०.९७ अधिक १, म्हणजे १.९७ किलो. या दाबाला पाणी सुमारे ११९ अंशांना उकळतं. महाबळेश्वरात ०.८८ अधिक १, म्हणजे १.८८ किलो आणि तापमान सुमारे ११७.५ अंश.

म्हणजे कुकर लावला की डोंगर पूर्णपणे पुसला जातो, हे काही खरं नाही. कुकर आतलं तापमान ठरवत नाही, तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक ठरवतो. बाहेर कमी असेल तर आतही तेवढंच कमी होणार. मात्र तो कमीपणा आता दुप्पट मोठ्या आकड्यातून वजा होतो, म्हणून कमी बोचतो. उघड्या पातेल्यात सांगली आणि महाबळेश्वर यांच्यात पावणेतीन अंशांचं अंतर होतं, कुकरमध्ये ते दीड अंशावर येतं. दाब चढल्यावर सांगलीत १० मिनिटं लागणाऱ्या डाळीला महाबळेश्वरात ११ मिनिटं द्यायची, एवढाच बदल पुरतो. वजनावर चमचा ठेवून किंवा काही टेकवून तो दीड अंश भरून काढायचा प्रयत्न कुणी करू नये. एक मिनिट जास्त शिजवणं हाच त्यावरचा उपाय.

खरा फायदा दिसतो तो पातेलं आणि कुकर यांच्या तुलनेत. ९८ आणि ११९ यांत २१ अंशांचा फरक आहे. दहा अंशांना दुप्पट या ठोकताळ्याने शिजण्याचा वेग चौपटीहून थोडा जास्त होतो आणि ४० मिनिटांची डाळ १० मिनिटांत उतरते.

पहिली शिट्टी फसवी असते

वरचा सगळा हिशोब कुकरमध्ये निव्वळ वाफ आहे असं धरून केला. झाकण लावताना मात्र आत पाण्यावरची सगळी रिकामी जागा हवेने भरलेली असते, आणि शिट्टीचं वजन हवा आणि वाफ यांत फरक करत नाही. दोघांचा मिळून दाब १.९७ किलो झाला की ते उचललं जातं.

सांगलीत २७ अंशांच्या स्वयंपाकघरात कुकर बंद केला आणि आतली हवा जराही बाहेर गेली नाही असं धरू. ती हवा तापून नव्वदीच्या पुढे गेली की तिचा एकटीचाच दाब सुमारे १.१४ किलो होतो. वजन उचलायला वाफेने फक्त उरलेला ०.८३ किलो दाब दिला की काम भागतं, आणि तेवढा दाब पाणी ९३-९४ अंशांना असतानाच देतं. म्हणजे अशी पहिली शिट्टी वाजते तेव्हा डाळ उघड्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यापेक्षाही थंड असू शकते! प्रत्यक्षात रबर घट्ट बसेपर्यंत कडेने आणि वजनाखालून थोडी हवा निसटते, त्यामुळे एवढी वाईट स्थिती क्वचित येते. तरी पहिल्या शिट्टीला तापमान ११९ झालं असं समजणं चूकच. दुसऱ्या-तिसऱ्या शिट्टीपर्यंत बरीचशी हवा वाफेबरोबर बाहेर फेकली जाते आणि मग आतला दाब आणि तापमान यांचा मेळ बसतो.

ज्या कुकरचं वजन वेगळं काढता येतं, त्यात हे टाळणं सोपं आहे. आणि पुस्तिकेतही बहुधा तसंच सांगितलेलं असतं. आधी वजन न लावता झाकण लावायचं आणि गॅस मोठा ठेवायचा. नळीतून सुरुवातीला फुसफुस येते ती मुख्यतः हवा. थोड्या वेळाने वाफेची सलग, जोरदार धार लागते. अर्धं-एक मिनिट ती तशी जाऊ द्यायची आणि मग चिमट्याने किंवा कापडाने धरून वजन बसवायचं. वाफेच्या धारेवर हात आणू नये, नळीच्या तोंडाशी ती नीट दिसतही नाही आणि लगेच भाजते. अशा तऱ्हेने लावलेल्या कुकरची पहिली शिट्टी विश्वासाची. तिथून गॅस बारीक करायचा आणि घड्याळ लावायचं.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजणं का बरं, तेही यातूनच कळतं. शिट्टी सांगते फक्त एवढंच, की दाब पोचला आणि जास्तीची वाफ बाहेर पडली. मोठ्या आचेवर, अर्धी वाटी डाळीच्या लहान कुकरमध्ये तीन शिट्ट्या चार-पाच मिनिटांत उरकतात. बारीक आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागू शकतात. तीनच्या तीन शिट्ट्या, पण एक डाळ दडदडीत आणि दुसरी गरगटलेली. प्रत्येक शिट्टीबरोबर पाणीही जातं. दाब चढल्यावर आच इतकीच ठेवायची की वजन हलकं फुसफुसत राहील किंवा अधूनमधून एखादी शिट्टी होईल. त्याहून जास्त गॅस जाळून आतलं तापमान अर्ध्या अंशानेही वाढत नाही, कारण जास्तीची सगळी वाफ वजन बाहेर सोडून देतं.

एक वाटी तूरडाळ, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, अर्धा तास भिजवून, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून थेट कुकरमध्ये लावली तर दाब चढल्यावर दहा मिनिटं बारीक आच पुरते. तेलामुळे फेस कमी होतो. डाळीचा फेस टरफलाचे तुकडे घेऊन नळीत शिरतो आणि छिद्र चोंदवतो, म्हणून डाळ-तांदूळ असेल तेव्हा कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, इतर पदार्थांना दोन तृतीयांशापर्यंत चालतं. दर वेळी झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते बघावं. डब्यांत डाळ-भात लावणार असाल तर तळात पाणी घालायला विसरू नये आणि डाळीला तीन-चार मिनिटं जास्त द्यावीत, कारण उष्णतेला डब्यातून आत जावं लागतं.

बिघडतं तेव्हा

शिट्टीच होत नाही आणि कडेने वाफ येते, तर रबर कडक झालेलं किंवा ताणलेलं असतं. दाब चढत नसल्याने आत जेमतेम उघड्या पातेल्याइतकंच तापमान राहतं आणि डाळ तितकाच वेळ घेते. रबर बदलावं. नळीतूनही वाफ नाही, कडेनेही नाही आणि गॅस मोठा आहे, ही खरी धोक्याची खूण. नळी चोंदली असण्याची शक्यता असते. गॅस बंद करावा, कुकर हलवायलाही जाऊ नये, तसाच थंड होऊ द्यावा.

सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये बहुतेक घरगुती कुकरांत लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. तळातलं पाणी पूर्ण आटलं की तापमानाला उत्कलनबिंदूचा लगाम राहत नाही, ते झपाट्याने वाढतं आणि हा ठिपका वितळून वाफेला वाट करून देतो. तो गेला म्हणजे पाणी कमी पडलं किंवा नळी अडली, हे आधी शोधावं आणि मगच त्याच कुकरसाठीचा नवा व्हॉल्व्ह बसवावा. स्क्रू किंवा एम-सील लावून ते भोक बुजवणं म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवणं आहे.

सगळं बरोबर करूनही डाळ शिजत नसेल तर दोष उंचीला देण्याआधी पाणी बघा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं आणि दाणा कडकच राहतो. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर हाच संशय धरावा. एकाच कुकरमध्ये दोन सारखे डबे, एकात बोअरचं पाणी आणि दुसऱ्यात फिल्टरचं किंवा पावसाचं, एवढी साधी परीक्षा केली की निकाल लागतो. या कारणाने जतमध्ये, कमी उंचीवर असूनही, डाळ महाबळेश्वरापेक्षा जास्त वेळ घेऊ शकते. चिंच, कोकम, टोमॅटो हेही डाळ शिजल्यावरच घालावेत, आंबटपणातही पेक्टिन लवकर सुटत नाही.

शेवटची गडबड झाकण उघडताना होते. ११९ अंशांचं पाणी दाबामुळेच पाण्याच्या रूपात राहिलेलं असतं. दाब एकदम काढला तर त्याला ९८ अंशांवर यावंच लागतं, आणि उरलेल्या २१ अंशांची उष्णता जागच्या जागी वाफ करते. एक लिटर पाण्यामागे सुमारे ३८ ग्रॅम, पण त्याची वाफ होते साठ-सत्तर लिटर. ती सगळी डाळीच्या आतून उसळते आणि म्हणून शिट्टी जबरदस्तीने उचलली की नळीतून पिवळी पिचकारी उडते. नळाखाली कुकर धरला तरी हेच आतल्या आत होतं. झाकण गार झालं की वाफेचं पाणी होऊन दाब घसरतो आणि डाळ फेसाळत वर येते. म्हणून डाळीच्या कुकरची वाफ आपोआप जिरू द्यावी.

वाफ जिरल्यावर कुकर तसाच तासभर राहिला तर उलटं घडतं. हवा आधीच बाहेर गेलेली असते, राहिलेल्या वाफेचं पाणी होतं आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो. बाहेरून बसणारं झाकण अशा वेळी घट्ट आवळलं जातं आणि हँडल हलत नाही. त्याच्याशी झटापट करू नये. गॅस बंद आहे आणि कुकर निवला आहे याची खात्री करून वजन वर उचलावं. सूं करत हवा आत शिरते आणि झाकण मोकळं होतं.